तीन खुर्च्या, दोनदा पैसे: दिवाळी पहाटेच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
आयोजक मंडळ,
दिवाळी पहाट कार्यक्रम, मुंबई.

दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

विषय: एकाच तिकिटांसाठी दोनदा घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

पाडव्याच्या पहाटे मी, आई आणि मावशी अशा तिघीजणी तुमच्या कार्यक्रमाला आलो होतो. एच रांग, खुर्ची क्रमांक १४, १५ आणि १६. या तीन खुर्च्यांचे पैसे माझ्या खात्यातून दोनदा गेले आहेत. त्याला आज अडतीस दिवस झाले. या दिवसांत मी तुम्हाला चार ई-मेल पाठवले, दोनदा फोन केला आणि कार्यक्रमाच्या दिवशी तिकीट खिडकीवर प्रत्यक्ष येऊन बोलले. तुमच्याकडून मला तीन वेळा तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली आणि त्यातलं एकही बरोबर नाही. ती बरोबर का नाहीत हे नीट सांगावं म्हणून हे पत्र. उघडपणे लिहिते आहे, कारण त्या सकाळी हे एकट्या माझ्याच बाबतीत घडलं असेल असं मला वाटत नाही.

मी मुलुंडच्या एका पतसंस्थेत एकवीस वर्षं नोकरी करते. दिवसअखेर आमच्या वहीतला आकडा आणि बँकेच्या खात्यातला आकडा जुळवून पाहणं, म्हणजे ताळमेळ घालणं, हे माझं रोजचं काम. म्हणून माझे पैसे नेमके कुठे आहेत हे मी अंदाजाने नाही, कागद बघून सांगते आहे.

५ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी १० वाजता तुमच्या संकेतस्थळावर विक्री सुरू झाली. पूर्वी आम्ही नाट्यगृहाच्या खिडकीवर रांग लावायचो, पण यंदा सगळी तिकिटं ऑनलाइनच होती. पहिल्या पाच मिनिटांतच निम्म्या खुर्च्या करड्या दिसायला लागल्या होत्या. मावशीला गुडघ्यामुळे पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून मधल्या वाटेजवळच्या तीन खुर्च्या मी निवडल्या. निवडल्याबरोबर वर आठ मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं. पाचशे रुपयांची तीन तिकिटं म्हणजे १,५०० रुपये, तिकिटामागे २५ रुपये सुविधा शुल्क म्हणजे ७५ आणि त्या ७५ वर १८ टक्के जीएसटी, १३ रुपये ५० पैसे. एकूण १,५८८ रुपये ५० पैसे. यूपीआयचा पर्याय निवडला, पिन घातला. १० वाजून ६ मिनिटं झाली होती.

त्यानंतर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. माझ्या ॲपमध्ये ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं दिसत होतं, आणि बँकेचा मेसेज आला नव्हता. तुमचं घड्याळ शून्यावर आलं तेव्हा तुमच्याच पानावर ठळक अक्षरांत ओळ आली: ‘व्यवहार पूर्ण झाला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ मी खुर्च्यांचा नकाशा पुन्हा उघडला. त्याच तीन खुर्च्या मोकळ्या दिसत होत्या. पहिले पैसे गेले असते तर त्या मोकळ्या दिसल्या नसत्या, असं समजून मी पुन्हा त्याच निवडल्या आणि १० वाजून १४ मिनिटांनी पुन्हा पिन घातला. या वेळी लगेच तिकिटं आली. ती आली आणि पाठोपाठ मिनिटभरात बँकेचे दोन मेसेज एकाखाली एक आले. दोन्हीत तीच रक्कम, दोन्ही त्याच दिवसाचे, फक्त संदर्भ क्रमांक वेगळे. पहिल्याचे शेवटचे चार आकडे ४४७१, दुसऱ्याचे ९०२६.

तुमचं पहिलं उत्तर १४ ऑक्टोबरला आलं. ते असं, की रक्कम बँकेत अडकली आहे, पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत आपोआप परत जमा होईल, न झाल्यास आपल्या बँकेशी संपर्क साधावा. हे उत्तर तुम्ही किती जणांना पाठवलंय मला ठाऊक नाही, पण ज्यांना पाठवलंय ते सगळे आजही बँकेच्या चकरा मारत असतील. म्हणून या उत्तरावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

पैसे आपोआप परत येण्याचा नियम आहे, हे खरं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात तो घालून दिला आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे दिले, ग्राहकाच्या खात्यातून ते कापले गेले, पण दुकानदाराकडे त्याची पोच आलीच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. मला हा नियम माहीत होता, म्हणूनच मी १० ऑक्टोबरपर्यंत वाट पाहिली. पैसे आले नाहीत. तेव्हा सोमवारी, १३ तारखेला मी पासबुक घेऊन बँकेत गेले.

तिथल्या अधिकाऱ्यांनी दोन्ही संदर्भ क्रमांक टाकून पाहिले आणि पडदा माझ्याकडे वळवला. दोन्ही ओळींपुढे व्यवहार यशस्वी, दोन्हीपुढे समोरच्या खात्यात जमा. ते म्हणाले, “ताई, आमच्याकडून पैसे गेलेत आणि तिकडे पोहोचलेत. अडकलेलं काही नाहीच, तर आम्ही सोडवणार काय?” ते बरोबर बोलत होते.

यातला फरक साधा आहे. पैसे निघाले आणि वाटेतच राहिले, तर तो फसलेला व्यवहार आणि तो यंत्रणा स्वतःहून उलटवते. पैसे निघाले आणि पोहोचले, तर तो पूर्ण झालेला व्यवहार. तो दोनदा झाला असला तरी बँकेच्या लेखी दोन्ही खरे. एका ग्राहकाने सकाळी १,५८८ रुपये ५० पैसे दिले आणि आठ मिनिटांनी पुन्हा तेवढेच दिले, यात बँकेला वावगं काही दिसत नाही. तिने तीन तिकिटं घेतली की सहा, हे बँकेला कळायला मार्गच नाही. ते फक्त तुम्हाला कळतं. म्हणून हे पैसे परत पाठवण्याचं काम पाच दिवसांनीच काय, पाच महिन्यांनीही आपोआप होणार नाही. तुमच्या बाजूने कुणाला तरी ते पाठवावे लागतील.

त्या १०० रुपये रोजाच्या भरपाईविषयीही सांगते, कारण ओळखीच्या दोघांनी मला ती मागायला सांगितली. मी ती मागत नाही. ती भरपाई फसलेल्या व्यवहारासाठी आहे, आणि माझा व्यवहार फसलेला नाही. जे माझं नाही ते मला नको.

मग झालं काय असेल? मी तुमच्या संगणकात डोकावलेले नाही, पण मेसेजच्या वेळा, तुमच्या पानावरची ओळ आणि दोन वेगळे ऑर्डर क्रमांक एकत्र ठेवले की क्रम स्पष्ट दिसतो. पैसे कापले जाणं आणि तुमच्या संकेतस्थळाला तसं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी बँक, तुमची बँक आणि तुमच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणारी मधली कंपनी, म्हणजे पेमेंट गेटवे, असा प्रवास करून ‘पैसे मिळाले’ हा निरोप तुमच्यापर्यंत येतो. एरवी त्याला दोन-चार सेकंद लागतात. एकाच वेळी शेकडो लोक पैसे भरत असले की कधीकधी मिनिटं लागतात. माझ्या पहिल्या व्यवहाराचा निरोप वाटेत असतानाच तुमचं आठ मिनिटांचं घड्याळ संपलं. तुमच्या यंत्रणेने पहिली ऑर्डर बाद केली, खुर्च्या मोकळ्या केल्या आणि मला पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. दुसऱ्या वेळी नवीन ऑर्डर क्रमांक तयार झाला. ऑर्डर क्रमांक वेगळा असला की गेटवेसाठी तो नवा सौदा असतो. एकाच ऑर्डरचे दोनदा पैसे आले असते तर गेटवेलाही शंका आली असती, इथे शंका येण्यासारखं काही उरलंच नाही. दुसरे पैसे भरले, तिकिटं निघाली, आणि त्यानंतर पहिल्या ऑर्डरचा उशिराचा निरोप तुमच्या दारात पोहोचला. तोवर एच १४ ते १६ मलाच दुसऱ्या ऑर्डरवर विकल्या गेल्या होत्या. पहिल्या ऑर्डरला द्यायला खुर्ची नव्हती, म्हणून तिकीट निघालं नाही. पैसे मात्र स्वीकारले गेले.

निरोप उशिरा येणं हा तुमचा दोष नाही, हे मला मान्य आहे. तो उशिरा आल्यावर काय करायचं हे तुमच्या संकेतस्थळाला शिकवलेलं नाही, हा दोष तुमचा आहे. बाद केलेल्या ऑर्डरचे पैसे मागाहून आले आणि खुर्ची शिल्लक नसेल, तर त्याच क्षणी रिफंड पाठवायचा, एवढी एक सूचना त्यात हवी होती. आणि घड्याळ संपल्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणण्याआधी पहिल्या पैशांचं काय झालं हे गेटवेला विचारून घ्यायला हवं होतं. तशी चौकशी करण्याची सोय गेटवेकडे असते. ‘तुमच्या आधीच्या पैशांची खात्री करत आहोत, दहा मिनिटं थांबा, खुर्च्या राखून ठेवल्या आहेत’ अशी ओळ मला दिसली असती, तर मी शांतपणे थांबले असते.

पाडव्याला पहाटे साडेपाचला आम्ही नाट्यगृहात पोहोचलो. दारात रांगोळी होती, पणत्या तेवत होत्या, आई कितीतरी वर्षांनी नऊवारी नेसली होती. कार्यक्रम उत्तम झाला आणि तेही मला या पत्रात लिहायचं आहे. पहिल्या आलापालाच सभागृह असं शांत झालं, की मावशीने माझा हात धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही. पण दारातली पाच मिनिटं मी विसरलेले नाही. रिफंड देताना तुमच्याकडून चुकून दुसरी ऑर्डर रद्द झाली तर काय, ही धास्ती मला दोन आठवडे होती. जादा पैसे पहिल्या ऑर्डरचे आहेत आणि तिकिटं दुसऱ्या ऑर्डरची आहेत. घाईत कुणी ‘दुसरं पेमेंट जादा’ असं धरून चाललं असतं, तर पैसेही परत आले असते आणि पहाटे साडेपाचला दोन वयस्कर बायकांना घेऊन मी दारात अडकले असते. म्हणून मी प्रत्येक ई-मेलमध्ये लिहीत आले, की ४४७१ ने संपणाऱ्या व्यवहाराचे पैसे परत करा, ९०२६ ला हात लावू नका. दारातल्या मुलाने कोड स्कॅन केला आणि हिरवी खूण आली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मध्यंतरात मी तिकीट खिडकीवर गेले. तिथल्या स्वयंसेवकांनी माझं म्हणणं सौजन्याने ऐकलं, वहीत लिहून घेतलं. आठवड्याने, २९ ऑक्टोबरला तुमचं दुसरं उत्तर आलं: ‘एकदा विकलेली तिकिटे परत घेतली जात नाहीत.’ मी तिकीट परत करत नाही. मी तिकिटावर कार्यक्रम पाहिला. ज्या पैशांवर तिकीट निघालंच नाही ते मी मागते आहे. न निघालेलं तिकीट परत घेण्या-न घेण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरं उत्तर ४ नोव्हेंबरचं. त्यात तुम्ही पहिल्यांदा दोनदा पैसे घेतल्याचं मान्य केलंत, त्याबद्दल आभार. पण पैशांऐवजी पुढच्या कार्यक्रमासाठी १,५०० रुपयांचं कूपन देऊ केलंत आणि सुविधा शुल्क नियमाप्रमाणे परत मिळत नाही असं कळवलंत. माझा व्हॉट्सॲप क्रमांक आणि खात्याच्या क्यूआर कोडचा फोटोही मागितलात.

कूपन मी घेणार नाही. ऑनलाइन घेतलेले पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जायला हवेत, ग्राहकाने स्वतः दुसरा मार्ग मान्य केला असेल तरच अपवाद, असं रिझर्व्ह बँकेने गेटवे चालवणाऱ्यांना सांगितलेलं आहे. मी दुसरा मार्ग मान्य केलेला नाही. पुढचा कार्यक्रम मला आवडला तर मी तेव्हा तिकीट काढेनच.

८८ रुपये ५० पैशांवर मी अडून बसले आहे असं तुमच्या कार्यालयातल्या बाई फोनवर म्हणाल्या. होय, अडून बसले आहे. सुविधा शुल्क हे तिकीट घरबसल्या काढून देण्याच्या सोयीचे पैसे. ग्राहकाने आपल्या मर्जीने तिकीट रद्द केलं, तर सोय त्याने वापरलेली असते, तेव्हा शुल्क परत न देण्यात काही अर्थ आहे. पहिल्या ऑर्डरवर मला कुठलंच तिकीट मिळालं नाही, म्हणजे सोयही मिळाली नाही. जी सेवा दिली नाही तिचं शुल्क घेता येत नाही, आणि त्या शुल्कावर तुम्ही माझ्याकडून घेतलेला १३ रुपये ५० पैशांचा जीएसटी तर मुळीच ठेवता येत नाही. त्या रद्द सौद्याचा कर तुमच्या हिशेबातूनही वळता व्हायला हवा. तुमच्या लेखापालांना विचारा, ते हेच सांगतील.

माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटप संघात होती. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी सामान यायचं आणि सगळ्या बायका जमिनीवर बसून साखर, डाळी, साबण मोजून वाटायच्या. शेवटी हिशेब व्हायचा आणि आठ आणे जास्त निघाले तर ते कुणाचे हे सापडेपर्यंत कुणी उठत नसे. मी अकरा-बारा वर्षांची असताना त्या हिशेबाची बेरीज मला करायला लावत. त्यातूनच मी या कामात आले. त्यामुळे रक्कम लहान आहे, सोडून द्या, असं मला कुणी सांगू नये.

क्यूआर कोडचा फोटो आणि व्हॉट्सॲप क्रमांक मी पाठवलेला नाही आणि तुम्हीही तो कुणाकडे मागू नये. मूळ व्यवहारावरून रिफंड करायला ग्राहकाकडून काहीही लागत नाही. ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे असतो, पैसे त्यावरून थेट त्याच खात्यात जातात. उलट, अशी माहिती देण्याची सवय लोकांना लागली की ठकसेनांचं फावतं. कुणीतरी आयोजकाच्या नावाने फोन करतं, ‘रिफंड मंजूर झालाय, कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणतं, आणि पिन टाकला की आणखी पैसे जातात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं. याच कारणाने या पत्रात माझा फोन नंबर आणि पूर्ण संदर्भ क्रमांक नाही. ते तुमच्या ई-मेलमध्ये चार वेळा आलेले आहेत.

आता पैसे कसे परत करायचे. गेटवेच्या तुमच्या खात्यात पहिली ऑर्डर उघडायची. तिथे ती यशस्वी दिसेल, तुमच्या संकेतस्थळावर मात्र बाद दिसेल. तुमचे लोक बहुधा फक्त संकेतस्थळाची यादी बघून ‘आमच्याकडे असं पेमेंट नाही’ म्हणत होते, निदान फोनवर मला तसंच सांगितलं गेलं. गेटवेमध्ये त्या ऑर्डरवर पूर्ण रकमेचा, म्हणजे १,५८८ रुपये ५० पैशांचा रिफंड टाकायचा. एक अडचण येऊ शकते. रिफंडची रक्कम सहसा गेटवेकडे जमा होणाऱ्या पुढच्या विक्रीतून वळती होते. तुमची विक्री आता बंद आहे, तिकिटांचे पैसे केव्हाच तुमच्या बँक खात्यात गेले असतील, त्यामुळे गेटवेकडे शिल्लक नसेल आणि रिफंड तिथेच थांबून राहील. तसं झालं तर गेटवेकडे तेवढी रक्कम आधी भरावी लागेल. बटण दाबलं म्हणजे काम झालं असं न धरता तो पूर्ण झाला का हे दोन दिवसांनी पाहावं. आणि फार लांबवू नये. बहुतेक गेटवेंवर जुन्या व्यवहाराचा रिफंड ठरावीक मुदतीपर्यंतच टाकता येतो. ती उलटली की धनादेश आणि पत्रव्यवहार आला.

रिफंड गेला की त्यालाही स्वतःचा संदर्भ क्रमांक मिळतो. तो मला कळवा. ‘रिफंड केला आहे’ एवढ्या वाक्याने मला काही शोधता येत नाही. क्रमांक असला तर माझी बँक पाच मिनिटांत सांगेल की पैसे आले की कुठे थांबले.

माझ्याबरोबर बाकीच्यांचंही पाहा, ही माझी दुसरी मागणी. माझ्यासारखे किती आहेत हे शोधायला लोकांच्या ई-मेलची वाट बघायची गरज नाही. गेटवेकडून ५ ऑक्टोबरच्या यशस्वी व्यवहारांची यादी काढा. तुमच्या संकेतस्थळावरून त्याच दिवशी निघालेल्या तिकिटांची यादी काढा. ऑर्डर क्रमांकावरून दोन्ही शेजारी लावा. पहिल्या यादीत आहे आणि दुसरीत नाही, असा प्रत्येक क्रमांक म्हणजे पैसे दिलेला पण तिकीट न मिळालेला माणूस. त्यातले काही माझ्यासारखे, ज्यांनी पुन्हा पैसे भरून तिकीट मिळवलं. काही असेही असतील, ज्यांचे पैसे गेले, खुर्च्या दुसऱ्याने घेतल्या आणि जे घरीच राहिले. त्यांच्यावर तर माझ्याहून मोठा अन्याय झाला आहे. दोन याद्या मांडीवर घेऊन बसलं तर एका दुपारचं काम आहे. नाट्यगृहाच्या खुर्च्यांएवढ्याच तर ओळी असतील. तुमच्याकडे कुणी नसेल तर मी येऊन बसायला तयार आहे, आणि हे मी मनापासून म्हणते आहे.

हे काम तुम्ही केलंत की तुमच्या हिशेबातलाही एक गुंता सुटेल. तिकीट विक्रीची बेरीज आणि बँकेत आलेली रक्कम यांत जो फरक आज तुमच्या वहीत दिसत असेल, तो बहुधा हाच आहे.

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. तुमच्या संकेतस्थळावर असं कुणाचं नाव मला सापडलं नाही. माझी पहिली तक्रार ६ ऑक्टोबरची आहे, म्हणजे महिना उलटून गेला. तरीही मी आणखी पंधरा दिवस, २७ नोव्हेंबरपर्यंत थांबते. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण मध्यस्थी करतात. तेवढ्याने झालं नाही तर वांद्र्याला उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढ्या रकमेला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेच्या लोकपालाकडे मी जाणार नाही, कारण माझ्या बँकेने काहीही चुकीचं केलेलं नाही.

तुमच्याशी भांडण व्हावं अशी माझी अजिबात इच्छा नाही. सोबत दोन्ही व्यवहारांच्या पासबुकातल्या ओळींची छायाप्रत, तिकिटांची प्रत आणि तुमची तिन्ही उत्तरं पोस्टाने पाठवते आहे. पासबुकात ५ ऑक्टोबरच्या दोन ओळींपैकी वरच्या ओळीसमोर मी पेन्सिलीने फुली केली आहे. रिफंडचा संदर्भ क्रमांक आला की तो तिथेच लिहीन.

आपली नम्र,
एच १४, मुलुंड (पूर्व)